चटणीच्या लेबलचं ब्रीफ: फ्रीलान्स डिझायनरला काम देताना

लहान खाद्यउद्योगांची लेबलं आणि पाकिटं बाहेरच्या डिझायनरकडून करून घेणं हे माझं नेहमीचं काम आहे. या कामात नव्याने पडणाऱ्यांना मी एकच गोष्ट आधी सांगते. डिझायनरशी होणारी बहुतेक भांडणं रंग किंवा चित्र आवडलं नाही म्हणून होत नाहीत. काम सुरू झाल्यावर आपल्याकडचा मजकूर बदलत राहतो, त्यातून ती होतात. त्यामुळे काय पक्कं आहे आणि काय अजून ठरायचं आहे, हे ब्रीफमध्ये, म्हणजे डिझायनरला देण्याच्या कामाच्या लेखी तपशिलात, सर्वांत आधी यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. लसूण, शेंगदाणा आणि कारळे अशा तीन चटण्या, प्रत्येकी २०० ग्रॅमच्या काचेच्या बरणीत. "तीन लेबलं हवीत" एवढंच लिहिलं, तर डिझायनर तीन स्वतंत्र डिझाइनांचे पैसे सांगेल किंवा एकाच डिझाइनचे रंग बदलून देईल, आणि दोन्ही अर्थ बरोबरच असतील. म्हणून असं लिहायचं: "लसूण चटणीचं एक मूळ लेबल. ते मंजूर झाल्यावर त्याच मांडणीत नाव, घटक, रंग आणि चित्र बदलून इतर दोन. लोगो तयार आहे, त्यात बदल नको. फोटो आम्ही देऊ. झाकणाचं सील, खोका आणि सोशल मीडियाच्या पोस्ट या कामात नाहीत." काय नाही हे सांगणारं शेवटचं वाक्य नवखे हमखास गाळतात.

मापही आपणच द्यायचं. बरणीचा व्यास ६५ मिमी असेल तर घेर साधारण २०४ मिमी होतो. लेबल १९० बाय ६० मिमी ठेवलं की मागे १४ मिमीची फट राहते, तीतून चटणी दिसते आणि चिकटवताना कडा एकमेकींवर चढत नाहीत. छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचा रंग धरला की फाइल १९६ बाय ६६ मिमीची होते. शक्य असेल तर एक रिकामी बरणी कुरिअरने पाठवावी.

आता मजकूर. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, उत्पादकाचा पत्ता, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीची सूचना, हे सगळं त्या छोट्या पट्टीत बसवायचं असतं. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीने येतं. म्हणजे जागा आणखी कमी होते. पोषणमूल्यं प्रयोगशाळेतून यायची असतात आणि "तेवढी जागा सोडून ठेवा" असं सांगून काम सुरू केलं जातं. मग तक्ता अपेक्षेपेक्षा चार ओळींनी मोठा येतो आणि मागची सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. माझ्या ओळखीच्या कोल्हापूरच्या एक डिझायनर ताई स्पष्ट सांगतात, "मजकूर सही होऊन आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही." मला त्यांचं पटतं. एमआरपी, बॅच आणि तारीख पॅकिंगच्या वेळी छापायची असेल तर त्यासाठी ४० बाय १५ मिमीची पांढरी जागा मागून घ्यावी आणि तिथे वार्निश नको असं लिहावं, नाहीतर शाई पुसली जाते.

मजकूर युनिकोडमध्ये द्यावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की जोडाक्षरं फुटतात. फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे हवेत हेही लिहावं. काही फॉन्टमध्ये ही अक्षरं मुळात हिंदी वळणाची असतात, मराठी रूप वेगळं निवडावं लागतं.

दुरुस्त्यांबद्दल "दोन वेळा बदल मोफत" एवढं लिहून भागत नाही, कारण बदल कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं. मी तीन प्रकार वेगळे लिहिते. दिलेल्या मजकुरात डिझायनरकडून चूक झाली, तर ती कितीही वेळा विनामूल्य दुरुस्त व्हायची, ती फेरीत धरायची नाही. रंग, आकार, मांडणी याबद्दलच्या आमच्या सूचना म्हणजे फेरी. मूळ लेबलला अशा दोन फेऱ्या, बाकीच्या दोन लेबलांना एकेक. आणि पक्का केलेला मजकूर आम्हीच बदलला किंवा मंजूर केलेली दिशा सोडली, तर ते नवं काम, प्रत्येक वेळी १,५०० रुपये.

फेरीची व्याख्याही लागते. सकाळी मालकांचा मेसेज, दुपारी त्यांच्या भावाचा फोन, रात्री विक्रेत्याचा सल्ला, अशा तीन सूचनांना डिझायनर तीन फेऱ्या म्हणू शकतो आणि त्यात त्याची चूक नसते. म्हणून आमच्या बाजूने एकच व्यक्ती, तिचं नाव ब्रीफमध्ये, सगळ्यांच्या सूचना एका ईमेलमध्ये गोळा करून पाठवेल. सूचना लिहिताना अडचण सांगावी, उपाय डिझायनरवर सोडावा. "नाव मोठं करा" म्हटलं तर नाव मोठं होऊन चित्र दाबलं जातं. "दुकानातल्या फळीवर दोन हात लांबून नाव वाचता येत नाही" म्हटलं तर कदाचित मागचा रंगच बदलतो आणि प्रश्न सुटतो.

वेळापत्रक उलट्या बाजूने मांडावं. बरण्या गणपतीच्या आधी दुकानात हव्या असतील, तर छपाई, लेबल लावणं आणि वाहतूक यांचे दिवस त्या तारखेतून वजा केल्यावर उरतो तो डिझाइनचा काळ. त्यात आपले उत्तराचे दिवसही धरायचे. "प्रत्येक मसुद्यावर आम्ही ३ कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, उशीर झाला तर पुढच्या तारखा तेवढ्याच सरकतील," हे वाक्य डिझायनरला न्याय देतं आणि आपल्या घरातल्या लोकांनाही जागं ठेवतं.

पैशांचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधावेत. या कामाचे २४,००० ठरले असं धरू. सुरुवातीला १२,०००, मूळ लेबल मंजूर झाल्यावर ६,०००, अंतिम फाइली मिळाल्यावर ६,०००. काम आमच्याकडूनच मध्ये थांबलं तर पूर्ण झालेल्या टप्प्यांचे पैसे परत मागायचे नाहीत, हेही लिहून टाकावं. शेवटचा हप्ता किती दिवसांत, याचा आकडा हवाच. डिझायनरची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायदा लागू होतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. मी ७ दिवस लिहिते. समोरचा एकटा माणूस असतो आणि त्याचं घर त्याच बिलावर चालतं. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वर येतील, म्हणून ठरलेली रक्कम करासह की कर सोडून, हे आधीच विचारावं.

अंतिम फाइलींत मला तीन गोष्टी लागतात. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली पीडीएफ, तीत अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे आकृतीत बदललेली असावीत. इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉची मूळ फाइल, तीत अक्षरं बदलता येण्याजोगी असावीत. आणि फॉन्टची नावं, परवान्यासह. मूळ फाइल सगळेच डिझायनर देत नाहीत, काही वेगळे पैसे घेतात. म्हणून किंमत ठरण्याआधी विचारायचं, काम झाल्यावर नाही.

हक्काचा मुद्दा मात्र पुष्कळांना ठाऊकच नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या लेबलचा हक्क सामान्यतः त्याचाच राहतो, आपण पैसे दिले तरी. तो सही केलेल्या लेखी करारानेच आपल्याकडे येतो. आणि त्या करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मराठी दुकानात चटणी पाठवायचा बेत असेल तर इथे जगभर असं लिहायला हवं. शेवटचा हप्ता मिळताच हक्क पूर्ण मुदतीसाठी, जगभर आमच्याकडे येतील, आणि डिझायनरला स्वतःच्या कामांत हे लेबल दाखवायची मुभा राहील, अशी दोन वाक्यं मी घालते. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.