‘लोगो कसा वाटतो?’ याचं उत्तर देताना या चुका टाळा

ओळखीच्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर लोगो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘कसा वाटतो?’ घरगुती लोणच्याच्या धंद्यासाठी होता. पिवळ्यातून हिरव्यात मिसळत जाणारी कैरी, वळणदार अक्षरांत नाव आणि त्याखाली बारीक ओळ: ‘आंब्याचं लोणचं, घरच्या चवीचं’. मी लगेच कळवलं, ‘छान! हिरवा जरा गडद करा.’

चूक इथेच झाली. तो लागणार कुठे, हे मी विचारलंच नाही.

दोन दिवसांनी कळलं की तीन ठिकाणी लागणार आहे: बरणीच्या झाकणावर ४ सेंटिमीटरचा स्टिकर, कागदी पिशवीवर रबरी शिक्का आणि प्रदर्शनात स्टॉलमागे ८ फुटी फ्लेक्स. मग हिशेबाला बसलो. चित्र १००० पिक्सेल रुंद, खालच्या ओळीची उंची ३० पिक्सेल. झाकणावर ती ओळ जेमतेम १.२ मिलिमीटर उंच येणार. त्यातला अनुस्वार ४ पिक्सेलचा, म्हणजे ०.१६ मिलिमीटर. असा ठिपका छपाईत एक तर गायब होतो, नाहीतर शिरोरेषेला चिकटतो. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या लोगोत ही अडचण सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे मात्र ‘आंब्याचं’चं ‘आब्याच’ होतं.

शिक्क्याचं दुखणं वेगळं. तिथे शाई एकच, त्यामुळे रंगातून रंगात जाणारी छटा उमटतच नाही. कैरीचा नुसता काळा गोळा होईल.

फ्लेक्सवर मात्र तीच बारीक ओळ सात सेंटिमीटरहून उंच, छान वाचता येणारी. रचना तिथे उत्तम, पण फाइल कुचकामी. ८ फूट म्हणजे ९६ इंच. १००० पिक्सेल त्यावर ताणले की इंचाला दहाच येतात. स्टॉलपाशी उभ्या गिऱ्हाइकाला अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसणार. फ्लेक्सवाल्याला JPG नको, लोगो बनवणाऱ्याकडून व्हेक्टर फाइल घ्यायची, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली, कितीही ताणली तरी कडा नीट राहणारी: CDR, SVG किंवा व्हेक्टर PDF. JPG नुसती PDF म्हणून सेव्ह केली तर काही फरक पडत नाही, आणि हा घोळ सर्रास होतो.

दुसरी चूक म्हणजे फोनच्या झगझगीत पडद्यावर, बोटांनी मोठं करून मत देणं. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात काढा, एक रंगीत, एक निव्वळ काळा-पांढरा, राखाडीसुद्धा नको. हातभर अंतरावर धरून वाचा. कुटुंबाच्या ग्रुपवर मतं मागवण्यापेक्षा हे बरं, खर्च किरकोळ आणि भांडण होत नाही.

शेवटी ताईंनी शिक्क्यासाठी कैरीची नुसती जाड बाह्यरेषा आणि नाव ठेवलं. झाकणावरची ओळ काढून बरणीच्या पोटावरच्या लेबलवर नेली. हिरवा होता तसाच राहिला.