‘बारा मुलाखतींत संपृक्तता आली’ हे वाक्य लिहिण्याआधी: गुणात्मक संशोधनात या चुका टाळा

गुणात्मक प्रबंधांच्या मसुद्यांत मला एक वाक्य वारंवार भेटतं: ‘बारा मुलाखतींनंतर डेटा सॅच्युरेशन साधले.’ म्हणजे संपृक्तता आली, पुढच्या मुलाखतींतून नवं काही मिळेनासं झालं. पण पुढे स्पष्टीकरण नाही, पुरावा नाही. परीक्षकाने ‘कशावरून?’ विचारलं की उत्तर येतं, ‘नवीन काही मिळत नव्हतं.’

बारा हा आकडा आला कुठून? ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्या. त्यांना बहुतेक कोड, म्हणजे मुलाखतींतल्या मुद्द्यांना दिलेली छोटी नावं, पहिल्या बारा मुलाखतींतच सापडले. पण त्या सहभागी बऱ्याच सारख्या पार्श्वभूमीच्या होत्या, प्रश्नही सर्वांना जवळपास तेच होते. ही अट गळून पडली आणि आकडा तेवढा फिरत राहिला. तुमचे सहभागी वेगवेगळ्या थरांतले असतील, तर तो तुमच्या कामाचा नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विषय: औषध देताना झालेली चूक परिचारिका वरिष्ठांना का कळवत नाहीत? पहिल्या चार मुलाखतींत 20 वेगळे कोड मिळाले. हा आपला पाया. पाचव्या मुलाखतीत 2 नवे कोड आले, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मुलाखतीत प्रत्येकी 1, नवव्या आणि दहाव्यात एकही नाही. आता लागोपाठच्या दोन-दोन मुलाखती एकत्र धरून नव्या कोडना 20 ने भागायचं. पाचवी-सहावी 15 टक्के, सहावी-सातवी 10, सातवी-आठवी 10, आठवी-नववी 5, नववी-दहावी 0. मर्यादा 5 टक्के ठरवली असेल, तर नवव्या मुलाखतीला ती गाठली. गेस्ट आणि सहकाऱ्यांनीच 2020 मध्ये ही पद्धत मांडली. मात्र पाया किती, जोडी कितीची आणि मर्यादा कोणती, हे सामग्री गोळा करण्याआधी ठरवून लिहून ठेवायला हवं. नंतर सोयीने ठरवलं तर त्या गणिताला अर्थ उरत नाही.

इथवर सगळं ठीक दिसतं, आणि खरी चूक इथेच दडलेली असते. त्या दहाही जणी दिवसपाळीच्या होत्या, कारण त्यांची भेट सहज मिळत होती. रात्रपाळीच्या तिघींशी बोलल्यावर 4 नवे कोड आले. त्यांतला एक असा: रात्री कळवायला जागेवर कोणी वरिष्ठच नसतं. म्हणजे संपली होती ती एका गटाची माहिती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘भीती’ हा जुना कोडही बदलला. दिवसपाळीत ती शिक्षेची भीती होती, रात्रपाळीत ‘एकटीवर सगळं येईल’ ही भीती. कोडच्या यादीत तो शब्द आधीच होता, म्हणून मोजणीत हा फरक दिसलाच नसता.

मोनिक हेनिंक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नेमका हा भेद दाखवला. त्यांच्या अभ्यासात कोडची संपृक्तता नऊ मुलाखतींत आली, अर्थाची यायला मात्र सोळा ते चोवीस लागल्या. म्हणून प्रबंधात दोन गोष्टी द्या: कोणत्या मुलाखतीत किती नवे कोड आले याचा तक्ता, आणि मुख्य कोडचा अर्थ कोणत्या मुलाखतीनंतर स्थिरावला याच्या नोंदी. आणखी एक सावधगिरी: व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या चिंतनशील आशयसूत्र-विश्लेषणाची वाट धरली असेल, तर संपृक्ततेचा दावाच करू नका. तिथे आशयसूत्रं संशोधक घडवतो, ती ‘संपतात’ असं त्या दोघी मानत नाहीत.

दुसरी चूक ‘मर्यादा’ या भागात असते: ‘नमुना लहान असल्याने निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येत नाही.’ नम्र वाटणारं हे वाक्य चुकीच्या कारणावर उभं आहे. नमुन्यावरून लोकसंख्येबद्दल टक्केवारीत बोलायचं, तर निवड यादृच्छिक लागते. तुम्ही सहभागी हेतुपुरस्सर निवडलेत. तशाच पद्धतीने तीनशे जणींशी बोललात, तरी ‘एवढे टक्के परिचारिका चूक लपवतात’ असं म्हणता येणार नाही.

इथे दावा वेगळा असतो. य्व्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी 1985 मध्ये त्याला हस्तांतरणीयता म्हटलं. निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतील का, हे तिथली परिस्थिती जाणणारा वाचक ठरवतो आणि त्यासाठी लागणारं सघन वर्णन संशोधक पुरवतो. विभागात किती खाटा, रात्री किती परिचारिका, चूक कळवायचा फॉर्म कोणाच्या टेबलावर जातो, आधी कळवणाऱ्यांचं काय झालं, हे सगळं लिहा. ‘एक मोठे रुग्णालय’ एवढ्यावर वाचकाला तुलना करता येत नाही. मात्र वर्णनातून सहभागींची ओळख उघड होणार नाही, हेही पाहावं लागतं.

ते मर्यादेचं वाक्य मी असं बदलेन: ‘जिथे चूक कळवणाऱ्यालाच चौकशीला सामोरं जावं लागतं आणि रात्री वरिष्ठ जागेवर नसतात, तिथे मौनाची हीच प्रक्रिया आढळण्याची शक्यता आहे. आमच्या तेरा सहभागींपैकी एकीने मात्र प्रत्येक चूक कळवली होती. तिच्या विभागात चौकशी वेगळ्या व्यक्तीकडे होती.’ यातलं शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. कोणत्या अटीवर प्रक्रिया मोडते, ते त्या एका विरोधी उदाहरणातूनच वाचकाला कळतं.