कोलॅबची स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

दोघांना सारख्या ओळी दिल्या की स्क्रिप्ट समतोल झाली, हा गैरसमज फार पसरलेला आहे. समजा, मोबाइलवर शूटिंग कसं करावं यावर दोघांचा व्हिडिओ आहे. ती प्रकाशयोजनेतली जाणकार, तो आवाजातला. स्क्रिप्टमध्ये दोघांच्या वाट्याला 14-14 ओळी. पण शब्द मोजले तर तिचे 500 आणि त्याचे जेमतेम 150, कारण त्याच्या निम्म्या ओळी ‘हो ना’, ‘अगदी बरोबर’ अशा. पडद्यावर तो मान डोलावणारा पाहुणाच दिसणार.

म्हणून ओळी मोजू नका, घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि कोण किती सेकंद बोलतं ते लिहून ठेवा. त्याचा वेळ कमी भरला तर इथे-तिथे वाक्यं चिकटवण्यात अर्थ नाही. त्याला सलग अर्धा-पाऊण मिनिटाचा एक मुद्दा द्या, जो फक्त तोच सांगू शकेल. अगदी निम्मा-निम्मा वेळ व्हायलाच हवा असंही नाही.

खरी गोची होते ती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. बहुतेक स्क्रिप्टमध्ये तिथे हे सापडतं:

ती: आता आवाजाबद्दल हा सांगेल.
तो: हो, तर आवाज खूप महत्त्वाचा असतो.

दोन्ही ओळी काढल्या तरी काही बिघडत नाही, आणि हीच त्यांची चूक. त्याऐवजी तिच्या सल्ल्यातूनच त्याची अडचण निघू द्या:

ती: खिडकीपाशी बसा, उजेड फुकट मिळतो.
तो: आणि रस्त्यावरचे हॉर्नही फुकट! खिडकी बंद करा, काचेतूनही उजेड येतोच.

इथे त्याला बोलायला कारण मिळालं. सांधा जमलाय का, हे तपासायला त्याची पहिली ओळ झाकून तिची शेवटची वाचा. पुढे कुणीतरी काहीतरी म्हणायलाच हवं असं वाटलं, तर जमलाय. एरवी तिच्या परिच्छेदाचा शेवट बदला, त्याची सुरुवात नव्हे.

दोघं वेगवेगळ्या ठिकाणी शूट करणार असतील तर आणखी एक भानगड होते. ती हसत संपवते आणि तो बातम्या वाचल्यासारखा सुरू होतो. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘ती बोलते’ लिहून भागत नाही. तिने आधी शूट करून आपल्या शेवटच्या दोन वाक्यांची क्लिप पाठवावी. त्याने ती कानात ऐकत, तिच्या सुरात उत्तर द्यावं. प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर दोघांनीही एखादा सेकंद गप्प राहून कॅमेरा चालू ठेवायचा, नाहीतर एडिटिंगला कापायला जागाच उरत नाही.

आणि ते ‘हो ना’, ‘बरोबर’? लिहूच नका. समोरासमोर शूट असेल तर ते आपोआप तोंडून निघतात. वेगवेगळ्या शूटमध्ये मात्र ते हमखास खोटे वाटतात.