अक्यूट इन्फ्लमेशनचा पंधरा गुणांचा प्रश्न आणि सव्वीस मिनिटं

सेकंड एमबीबीएसच्या प्रिलिमला पॅथॉलॉजीच्या पेपरात अक्यूट इन्फ्लमेशन आलं. धडा तोंडपाठ होता. सव्वा सात पानं लिहिली, त्यात केमिकल मेडिएटर्सचीच अडीच. प्रश्नात मेडिएटर्स विचारलेच नव्हते. पेपर संपला तेव्हा शेवटचे दोन शॉर्ट आन्सर कोरे होते, आणि ज्या प्रश्नावर मी सगळा वेळ घालवला त्याला पंधरापैकी सात गुण मिळाले. पेपर परत देताना आमच्या मॅडमनी त्या सात पानांवर बोट ठेवून विचारलं, "यात न्यूट्रोफिल शिरेतून बाहेर कुठे पडतो ते मला दाखव." मला ती ओळ सापडायला अर्धा मिनिट लागलं. आकृती सहाव्या पानावर होती, घाईत काढलेली, नावं न दिलेली.

त्यानंतर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेपर्यंत मी हा एकच प्रश्न घड्याळ लावून पुन्हा पुन्हा लिहिला. त्यातून जी पद्धत बसली ती इथे मांडते आहे.

आधी वेळेचा हिशोब. आमचा पेपर शंभर गुणांचा आणि तीन तासांचा. पहिले वीस गुण एमसीक्यूचे, त्यात अर्धा तास गेला असं धरायचं. शेवटची दहा मिनिटं वाचायला ठेवली की ऐंशी गुणांसाठी १४० मिनिटं उरतात, म्हणजे एका गुणाला पावणेदोन मिनिटं. पंधरा गुणांच्या प्रश्नाला सव्वीस मिनिटं मिळतात. तुमच्या विद्यापीठाचा आराखडा वेगळा असेल तर हाच भागाकार पुन्हा करा, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी करा. सव्वीस मिनिटांत माझ्या हाताने साडेतीन पानं होतात, आकृती धरून. ही मर्यादा एकदा कळली की काय गाळायचं हे घरीच ठरवता येतं.

आता प्रश्न बघा. हल्ली थेट 'अक्यूट इन्फ्लमेशनवर लिहा' असं क्वचित येतं, केस देतात. मी सरावाला घेतलेली केस अशी: २२ वर्षांचा तरुण, कालपासून बेंबीभोवती दुखत होतं, आज दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या भागात आलंय, ताप आहे, दोन उलट्या झाल्या. टीएलसी १६,०००, न्यूट्रोफिल ८६ टक्के. पहिला भाग निदान आणि त्याचं कारण, २ गुण. दुसरा भाग या आजारातल्या सेल्युलर इव्हेंट्स आकृतीसह, ८ गुण. तिसरा भाग एक्झुडेट आणि ट्रान्सुडेट यांतला फरक, २ गुण. चौथा भाग परिणती, ३ गुण.

गुणांची ही विभागणी हाच वेळेचा आराखडा. निदानाला साडेतीन मिनिटं, सेल्युलर इव्हेंट्सना चौदा, फरकाला साडेतीन, परिणतीला पाच. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक भागाशेजारी तो भाग किती वाजता संपला पाहिजे ती वेळ पेन्सिलीने लिहून ठेवायची. एवढं केल्यामुळे मी मेडिएटर्समध्ये पुन्हा कधी वाहवत गेले नाही, कारण चौदा मिनिटांतली अडीच तिकडे गेली की फॅगोसायटोसिस राहतो हे समोर दिसतं.

निदान एका ओळीत: अक्यूट अपेंडिसायटिस. कारणासाठी दोन ओळी पुरतात. एक, दुखण्याची जागा बदलणं आणि न्यूट्रोफिल वाढलेलं ल्युकोसायटोसिस. दोन, फेकॅलिथसारख्या अडथळ्याने आतला दाब वाढतो, शिरांतून रक्त परतायला अडचण येते आणि जंतू वाढतात. शेवटी 'मस्क्युलॅरिस प्रोप्रियात न्यूट्रोफिल दिसले की मायक्रोस्कोपवर निदान पक्कं' हे वाक्य लिहा. हे क्लिनिकलचं नसून पॅथॉलॉजीचं उत्तर आहे हे त्या एका वाक्यातून तपासणाऱ्याला कळतं.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे, आणि इथे माझं म्हणणं ठाम आहे: आकृती आधी काढा, मजकूर नंतर. बहुतेक जण उलट करतात. आधी दोन पानं लिहितात, वेळ उरला तर आकृती काढतात. पण या प्रश्नात आकृती हाच उत्तराचा कणा आहे. न्यूट्रोफिलचा प्रवास एका रांगेत काढला की कोणत्या टप्प्याला कोणता रेणू हे विसरायला होत नाही, आणि मजकुरात नुसतं 'आकृतीतला टप्पा ३' म्हटलं तरी भागतं.

ती आकृती मी चार मिनिटांत अशी काढते. पान आडवं मोकळं, साधारण अर्धं पान. वर एक सरळ रेघ, ती शिरेची वरची भिंत. तिच्यावर पेशी काढत बसायचं नाही. खाली पाच चपट्या एंडोथेलियल पेशी एका ओळीत, प्रत्येकीत एक फुगीर न्यूक्लियस. चौथ्या आणि पाचव्या पेशीमध्ये फट ठेवायची. त्यांच्या खाली तुटक रेघ, ती बेसमेंट मेम्ब्रेन. सगळ्यात खाली टिश्यू, त्यात उजव्या कोपऱ्यात जंतूंचे ठिपके आणि एक मॅक्रोफेज. मग डावीकडून उजवीकडे न्यूट्रोफिल: पहिला मधल्या प्रवाहातून कडेला आलेला, दुसरा एंडोथेलियमला टेकून घरंगळणारा, तिसरा घट्ट चिकटून चपटा झालेला, चौथा फटीतून निम्मा बाहेर आलेला, पाचवा टिश्यूत जंतूंकडे निघालेला. मध्ये तीन-चार लाल पेशी आणि प्रवाहाचा बाण. शिरेवर 'पोस्टकॅपिलरी व्हेन्यूल' असं लिहायलाच हवं, कारण पेशी बाहेर पडतात त्या मुख्यतः तिथून, आर्टिरिओलमधून नाही.

न्यूट्रोफिलचा न्यूक्लियस तीन तुकड्यांचा काढा, तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले. माझ्या जुन्या आकृतीत मी घाईत गोल ठिपका दिला होता आणि मॅडमनी त्यावर लाल पेनाने 'लिम्फोसाइट?' लिहिलं होतं. तीन ठिपके द्यायला एक सेकंद जास्त लागतो.

रेणूंची नावं आकृतीत कोंबायची नाहीत, बाणांची जाळी होते. प्रत्येक टप्प्याच्या खाली १ ते ५ आकडा द्यायचा आणि आकृतीखाली तीन रकान्यांची पट्टी ओढायची: टप्पा, एंडोथेलियमवर काय, न्यूट्रोफिलवर काय. रोलिंगला एंडोथेलियमवर पी-सिलेक्टिन आणि ई-सिलेक्टिन, समोर सियालिल लुईस-एक्स. घट्ट चिकटण्याला आयकॅम-१, समोर एलएफए-१ आणि मॅक-१ हे इंटिग्रिन. बाहेर पडण्याला दोन्हीकडे पीकॅम-१, म्हणजेच सीडी-३१. या पट्टीला दोन मिनिटं लागतात आणि तपासणारा आधी तीच बघतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे सिलेक्टिन 'अधेजन'खाली आणि इंटिग्रिन 'रोलिंग'खाली लिहिणं. मी ती दोनदा केली, कारण यादी पाठ होती पण कारण नीट कळलं नव्हतं. सिलेक्टिनची पकड सैल असते, जोडते आणि सुटते, म्हणून पेशी घरंगळते. घट्ट पकड इंटिग्रिनची, पण ते आधी सैल अवस्थेत असतात आणि केमोकाइनचा इशारा मिळाला की पकड घट्ट होते. सैल पकड आधी, घट्ट नंतर, हा क्रम डोक्यात बसला की नावं आपोआप जागेवर जातात. वेळेचं गणितही त्यातच आहे: पी-सिलेक्टिन वायबेल-पॅलेड बॉडीजमध्ये तयार असतो, हिस्टामिनमुळे काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो. ई-सिलेक्टिन मात्र टीएनएफ आणि आयएल-१ मुळे नव्याने बनतो, म्हणून त्याला तास-दोन तास लागतात.

सहा मिनिटं इथे गेली. उरलेल्या आठांत मजकूर. प्रत्येक टप्प्याला उपशीर्षक, खाली दोन ते तीन वाक्यं, शीर्षकाखाली रेघ. मार्जिनेशनला कारण द्यायला विसरू नका: द्रव बाहेर झिरपल्याने रक्त दाटतं, प्रवाह मंदावतो, म्हणून पांढऱ्या पेशी कडेला येतात. या एका वाक्याने व्हॅस्क्युलर भाग न लिहिताही त्याचा धागा जुळतो. केमोटॅक्सिसला चार नावं पुरेत: सी५ए, ल्युकोट्राइन बी४, आयएल-८ आणि जंतूंचे एन-फॉर्मिल पेप्टाइड. फॅगोसायटोसिसला ओळखणं, गिळणं, मारणं अशी तीन उपशीर्षकं. ओळखण्यात आयजीजी आणि सी३बी ही ऑप्सोनिन. मारण्यात एनएडीपीएच ऑक्सिडेज, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मायलोपेरॉक्सिडेजच्या मदतीने हायपोक्लोराइट. शक्य असेल तर एका ओळीत क्लिनिकल दुवा: सीडी-१८ चा दोष असेल तर ल्युकोसाइट अधेजन डेफिशियन्सी टाइप १, एनएडीपीएच ऑक्सिडेजचा दोष असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. 'पहिल्या ६ ते २४ तासांत न्यूट्रोफिल, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट' हे वाक्य शेवटी टाका.

फॅगोसायटोसिसची वेगळी आकृती काढावी का, असं मला जुनिअर विचारतात. आठ गुणांत मी काढत नाही. पहिली आकृती चांगली झाली असेल तर दुसरीने गुण फारसे वाढत नाहीत, तीन मिनिटं मात्र जातात. सगळा प्रश्नच फॅगोसायटोसिसवर असेल तेव्हा काढा.

एक्झुडेट-ट्रान्सुडेटला चार ओळींचा तक्ता: कारण, प्रोटीन, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, पेशी. एक्झुडेटमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२० च्या वर, ट्रान्सुडेटमध्ये १.०१२ च्या खाली. तक्ता पट्टीने ओढत बसू नका, हाताच्या रेघा चालतात.

परिणती लिहिताना नुसतं रिझोल्यूशन, फायब्रोसिस आणि क्रॉनिक इन्फ्लमेशन एवढ्यावर थांबू नका. प्रश्नातला मुलगा विसरला जातो तो इथेच. प्रत्येकापुढे अपेंडिक्सचं काय होईल ते लिहा: सौम्य असेल तर बरं होणं, भिंत मरून फुटली तर पेरिटोनायटिस, पू साचला तर अपेंडिक्युलर अ‍ॅब्सेस.

युनिव्हर्सिटीच्या पेपरात मला अपेंडिक्सऐवजी लोबर न्यूमोनियाची केस आली. शीर आणि आकृती तीच, फक्त खालच्या टिश्यूत अल्व्हिओलस काढला आणि परिणतीत फुफ्फुस आणलं. पेन्सिलीने लिहिलेली वेळ ११:१५ होती, मी ११:१७ ला उठले, मारण्याच्या टप्प्यातलं मायलोपेरॉक्सिडेज राहिलं होतं. त्याच्यासाठी तीन ओळी कोऱ्या सोडल्या आणि पुढचा प्रश्न घेतला. शेवटच्या दहा मिनिटांत परत येऊन त्या भरल्या.