अरबी मॅन्युअलचं इंग्रजी करण्याआधी शब्दांची वही कशी बांधावी

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात बसून मी अरबी यंत्र-पुस्तिकांचं इंग्रजी भाषांतर करतो. आखातात पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम करताना अरबी शिकलो, ती आता अशी कामी येते. पहिलं मोठं काम होतं एका पंपिंग स्टेशनची दोनशे पानांची पुस्तिका, आणि ती ग्राहकाकडून परत आली. दुसऱ्या प्रकरणात ‘महबस सिक्कीना’ असा शब्द होता. महबस म्हणजे पाणी अडवणारा व्हॉल्व आणि सिक्कीना म्हणजे सुरी, म्हणून मी ‘नाइफ व्हॉल्व’ लिहिलं. सातव्या प्रकरणात ‘सिमाम बव्वाबी’ आला, त्याचं ‘गेट व्हॉल्व’ केलं. प्रत्यक्षात दोन्ही एकच वस्तू. इजिप्तमधले कारागीर गेट व्हॉल्वलाच महबस सिक्कीना म्हणतात. नाइफ व्हॉल्व नावाची वस्तू खरोखर वेगळी असते आणि ती गाळाच्या, लगद्याच्या लाइनवर बसते. माझं वाचून कोणी सुटा भाग मागवला असता, तर चुकीचा माल आला असता.

तेव्हापासून कोणत्या अरबी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द ते ठरवणारी वही पुरी झाल्याशिवाय मी पहिलं वाक्यही लिहीत नाही.

अरबीत हा घोळ जास्त का होतो, ते आधी समजून घ्या. दमास्कसची भाषा अकादमी 1919 ची, कैरोची 1932 ची. दोन्ही ठिकाणी यंत्रांसाठी शुद्ध अरबी शब्द घडवले गेले. वर्कशॉपमधले लोक मात्र आपलेच शब्द बोलत राहिले. म्हणून व्हॉल्वला पुस्तकात ‘सिमाम’, इजिप्तमध्ये ‘महबस’ आणि आखातात इंग्रजीवरून आलेला ‘बल्फ’. आपल्याकडे एकाच बांधावर कोणी वॉल म्हणतो, कोणी कॉक, तसंच हे. तीन इंजिनियरांनी मिळून पुस्तिका लिहिली असेल, तर तिन्ही शब्द एकाच पुस्तिकेत सापडतात.

वहीची सुरुवात पुस्तिकेच्या शेवटच्या पानांपासून करा. तिथे सुट्या भागांची यादी आणि आकृत्या असतात, आणि प्रत्येक नावापुढे क्रमांक असतो. शब्द फसवतो, पण भाग क्रमांक 14 हा 14 च राहतो. माझ्या त्या पुस्तिकेत यादीत 14 समोर ‘सिमाम बव्वाबी’ होतं आणि दुसऱ्या प्रकरणातल्या आकृतीतही महबस सिक्कीनाकडे जाणारा बाण 14 चाच होता. यादी आधी पाहिली असती, तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. यादीनंतर आकृत्यांखालच्या ओळी, मग धोक्याच्या चौकटी आणि सगळ्यात शेवटी प्रकरणं वाचा.

शब्द शोधण्याआधी फाइल तपासा. अरबी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कधी अक्षरं उलटी येतात, कधी तुटतात. डोळ्यांना दिसणारा एक शब्द स्वतः टाइप करून त्याच फाइलमध्ये शोधा. डोळ्यांना दिसतोय आणि शोधात सापडत नाही, तर मजकूर खराब आहे. तेव्हा ग्राहकाकडे मूळ वर्ड फाइल मागा. मजकूर चांगला असेल, तर अक्षरं ताणणारी आडवी रेघ आणि स्वरचिन्हं काढून टाका, नाहीतर एकच शब्द दोन रूपांत मोजला जाईल.

अरबीत ‘आणि’, ‘ने’, ‘साठी’ हे सगळं शब्दाला पुढूनच चिकटतं. म्हणून पूर्ण शब्द जुळवणारा शोध बंद ठेवा आणि नुसता मूळ भाग शोधा. `صمام` शोधलं की `والصمام`, `للصمام`, `صمامات` सगळे सापडतात. काही अनेकवचनं मात्र शब्द आतूनच मोडून होतात. बेअरिंग म्हणजे ‘महमिल’ आणि त्याचं अनेकवचन ‘महामिल’, ते या शोधात येत नाही. अशा शब्दाचं अनेकवचन वहीत वेगळ्या ओळीवर लिहा.

वही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-8 मध्ये जतन केलेली. मी `OmegaT` हे भाषांतराचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या `glossary` फोल्डरमध्ये ही फाइल ठेवली की अरबी वाक्य उघडताच ठरलेला इंग्रजी शब्द बाजूला दिसतो. तीन रकाने असतात आणि मध्ये टॅब:

```
محبس سكينة	gate valve	भाग 14; knife नको
صمام بوابي	gate valve	भाग 14
صمام عدم رجوع	check valve	भाग 9
مفتاح ربط	spanner	
مفتاح	switch	फक्त विजेच्या प्रकरणात
```

तिसरा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो, पण खरी कमाई तिथेच आहे. शेवटच्या दोन ओळी पाहा. ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली, स्विच आणि पानाही. महबस सिक्कीनाचा गोंधळ दोन शब्द आणि एका वस्तूचा होता, इथे एक शब्द आणि तीन वस्तू आहेत. कुठे कोणता अर्थ घ्यायचा, ही खूण तिसऱ्या रकान्यातच लिहावी लागते. ‘मुहर्रिक’चंही तसंच, विजेवर चालला तर मोटर आणि डिझेलवर चालला तर इंजिन.

आकृतीवरूनही कळलं नाही, तर ती वस्तू हाताळणाऱ्याला दाखवा. एका पानावर नुसतं ‘सिमाम’ लिहिलं होतं आणि भाग क्रमांकही नव्हता. मी मोबाइलवर चित्र घेऊन आर्णीच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मिस्त्री म्हणाला, “यात झडप हाय भाऊ. पानी वर गेलं का मांगं येत नाही. फुटवॉल नोय हा, फुटवॉल विहिरीत खाली राह्यते.” चेक व्हॉल्व ठरला. तरीही ग्राहकाला विचारायच्या यादीत तो पान क्रमांकासह टाकला आणि उत्तर आल्यावरच वहीत पक्का केला. असे प्रश्न एकेक करून पाठवू नका. भाषांतर सुरू करण्याआधी सगळे एकाच कागदावर पाठवा. त्यातच विचारून घ्या की इंग्रजी ब्रिटिश हवी की अमेरिकन. पाना स्पॅनर होणार की रेंच, अर्थिंगची तार अर्थ होणार की ग्राउंड, हे त्यावर ठरतं.

धोक्याच्या चौकटींचे शब्द सगळ्यांत आधी पक्के करा. अमेरिकेच्या एएनएसआय झेड535 या मानकात डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ ते मध्यम इजा, आणि नोटीस म्हणजे फक्त यंत्राचं किंवा मालमत्तेचं नुकसान. अरबीत ‘खतर’, ‘तहज़ीर’, ‘तन्बीह’ लिहितात, पण लेखक ‘तन्बीह’ कुठेही वापरतात. एका पानावर पंप कोरडा चालवू नका म्हणून तन्बीह, दुसऱ्यावर चालू पॅनेल उघडू नका म्हणूनही तन्बीह. पहिल्यात यंत्र जळतं, दुसऱ्यात माणूस जातो. इथे एका अरबी शब्दाला एकच इंग्रजी शब्द हा नियम लावू नका. प्रत्येक चौकट वाचा, धोका काय आहे ते वहीत लिहा आणि ग्राहकाकडून लेखी होकार घ्या. स्वतःच्या मनाने पातळी बदलायचा अधिकार आपला नाही.

वहीत सगळे शब्द कोंबू नका. ‘उघडा’, ‘पाणी’, ‘खालील’ असल्या शब्दांनी ती फुगते आणि मग कोणी बघत नाही. दोनशे पानांना मला साधारण अडीचशे ओळी पुरतात.

भाषांतर सुरू झालं की शब्द बदलायचा तो आधी वहीत, मग मजकुरात. मध्येच एखादा निर्णय फिरला, तर जुना इंग्रजी शब्द आधीच्या सगळ्या प्रकरणांत शोधून दुरुस्त करा. शेवटी वहीत ‘नको’ म्हणून लिहिलेला प्रत्येक इंग्रजी शब्द पुऱ्या भाषांतरात शोधा. ती पुस्तिका मी दुसऱ्यांदा केली, तेव्हा `knife` शोधलं आणि एक जागा निघाली. पण ते केबलचं वरचं आवरण सोलायच्या सुरीबद्दलचं वाक्य होतं, म्हणून तसंच ठेवलं.