‘क्वार्टेट आहे म्हणून इथिल’ एवढ्यावर मार्क मिळत नाहीत

कोल्हापुरात एम.एस्सी. करताना स्पेक्ट्रोस्कोपीच्या आमच्या मॅडम असाइनमेंटच्या समासात लाल शाईनं एकच शब्द लिहायच्या: ‘कशावरून?’ आता ज्युनियर पोरं कागद घेऊन येतात, तेव्हा मीही तेच विचारतो.

नेहमीचं उदाहरण घेऊ. सूत्र C₄H₈O₂, ३०० मेगाहर्ट्झचा प्रोटॉन NMR स्पेक्ट्रम. ४.१२ पीपीएमला क्वार्टेट (2H), २.०४ ला सिंगलेट (3H), १.२६ ला ट्रिपलेट (3H). बहुतेक जण लिहितात, ‘क्वार्टेट आणि ट्रिपलेट आहेत, म्हणून इथिल अॅसिटेट.’ पण मिथिल प्रोपॅनोएटमध्येही एक क्वार्टेट, एक ट्रिपलेट आणि एक सिंगलेटच येतो, इंटिग्रेशनही तेच. म्हणजे नुसत्या स्प्लिटिंगवर निकाल लागत नाही.

स्प्लिटिंग फक्त शेजार सांगतं. क्वार्टेट म्हणजे त्या CH₂ च्या शेजारी तीन प्रोटॉन, ट्रिपलेट म्हणजे त्या CH₃ च्या शेजारी दोन. इथं हमखास गफलत होते: ‘CH₃ मध्ये तीन प्रोटॉन, म्हणून ट्रिपलेट’ असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. स्वतःचे प्रोटॉन इंटिग्रेशनमध्ये मोजायचे; रेषा n+1, त्यातला n शेजाऱ्यांचा.

हे दोघं एकमेकांचेच शेजारी आहेत, हे कपलिंग कॉन्स्टंटवरून दाखवायचं. क्वार्टेटच्या टोकाच्या रेषा ४.१५५ आणि ४.०८४ ला आहेत. फरक ०.०७१, गुणिले ३०० म्हणजे २१.३ हर्ट्झ. मध्ये तीन अंतरं, म्हणून J = ७.१. ट्रिपलेटची टोकं १.२८४ आणि १.२३७, फरक १४.१ हर्ट्झ, दोन अंतरं, J साधारण ७.१. जुळलं. शेजारच्या दोन रेषांऐवजी टोकांपासून मोजलं की छापील आकड्यांच्या राउंडिंगची चूक वाटली जाते. पीपीएममधला फरक तसाच J म्हणून लिहू नका, J हर्ट्झमध्येच.

आता निकाल केमिकल शिफ्टवर. इथिलचं CH₂ ऑक्सिजनला जोडलेलं असेल तरच ४.१ च्या आसपास येतं. कार्बोनिलला जोडलेलं असतं तर २.३ च्या जवळ आलं असतं, आणि सिंगलेट OCH₃ चा म्हणून ३.७ ला. इथं सिंगलेट २.०४ ला आहे, म्हणजे कार्बोनिलजवळचा CH₃. पलीकडच्या कार्बोनिल कार्बनवर हायड्रोजनच नाही, म्हणून तो फुटत नाही.

उत्तरात हे साधारण असं उतरतं: ‘४.१२ (q, J = ७.१ Hz, 2H) आणि १.२६ (t, J = ७.१ Hz, 3H) यांचा J समान, म्हणून CH₃CH₂ गट, ४.१२ या शिफ्टवरून तो ऑक्सिजनला जोडलेला, २.०४ (s, 3H) म्हणजे COCH₃. मिथिल प्रोपॅनोएट शक्य नाही, कारण ३.७ जवळ 3H सिंगलेट नाही.’ हे शेवटचं वाक्य पोरं गाळतात, आणि मॅडमचा ‘कशावरून?’ नेमका तिथंच यायचा.

७.२६ ला बारीक सिंगलेट दिसला तर तो CDCl₃ मध्ये उरलेल्या CHCl₃ चा. त्याला रचनेत जागा शोधू नका.