टेम्पो, पिच, ऑक्टेव्ह आणि रिदम : एकाच सरगमीवर चारही कसे ओळखावेत

संगीताच्या तासाला बाईंनी ‘जरा वर घ्या’ म्हटलं की अर्धा वर्ग मोठ्याने गाऊ लागतो. ‘लय वाढवू नका’ म्हटलं की तीच मुलं आवाज बारीक करतात. मुलांचे कान चांगले असतात, पण स्वराची उंची, आवाजाचा जोर आणि गाण्याचा वेग या तीन गोष्टी त्यांना कुणी वेगवेगळ्या करून दाखवलेल्या नसतात. त्या दाखवायला एक सरगम पुरते: सा रे ग म प ध नि सां. सोबत पेटी किंवा कीबोर्ड हवा आणि मात्रा मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा फोनवरचा मेट्रोनोम.

आधी पिच, म्हणजे स्वराची उंची

पेटीवर दोन काळ्या पट्ट्यांची जोडी शोधा. तिच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक. ती दाबून ठेवा, भाता आधी हळू मारा, मग जोरात. आवाज लहानमोठा झाला, पण स्वर तोच राहिला. आता भाता एकसारखा ठेवून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. जोर तेवढाच आहे आणि स्वर मात्र चढतो आहे. या चढण्या-उतरण्याला पिच म्हणतात. बाई ‘वर’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच हवं असतं. गळ्याचा जोर वाढवून स्वर वर जात नाही. उलट घसा ताणला की तो नेमका जागेवरून हलतो.

उंची मोजताही येते. फोनवरचा ट्यूनर उघडा आणि पांढरी सहा दाबत, पडद्यावर `A4` दिसेल ती पट्टी शोधा. शेजारी 440 Hz च्या आसपासचा आकडा दिसेल. पेटीच्या आत पितळी सूर बसवलेले असतात. त्यांतला त्या पट्टीचा सूर सेकंदाला साधारण ४४० वेळा थरथरतो आहे, असा त्याचा अर्थ. थरथर जितकी जलद, तितका स्वर उंच.

पट्टी म्हणजे आपण सा कुठे धरला ते. पांढरी एकचा सा धरला तर शुद्ध स्वरांची सगळी सरगम पांढऱ्या पट्ट्यांवर वाजते, म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. सा काळी एकवर नेला की रे काळी दोनवर जातो आणि ग पांढरी चारवर. बोटं बदलली, तरी कानाला चाल तीच वाटते, कारण स्वरांमधली अंतरं तशीच राहिली. वर्गाला गाणं झेपत नसेल तेव्हा बाई ‘पट्टी उतरवू या’ म्हणतात, ते याच सोयीसाठी.

मग ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तक

सा वाजवा आणि सरगम म्हणत सां वर या. खालचा सा आणि वरचा सां एकत्र दाबा. दोन वेगळ्या उंचीचे स्वर असूनही ते एकमेकांत मिसळून जातात. आता सा आणि रे एकत्र दाबून पाहा, ते कानाला टोचतात. सां ची थरथर सा च्या बरोबर दुप्पट असते, म्हणून तो मिसळतो. पांढरी सहा ४४० असेल, तर वरच्या सप्तकातली पांढरी सहा ८८० आणि खालच्यातली २२०. कुठल्याही पट्टीपासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून बारा पट्ट्या उजवीकडे गेलात की तोच स्वर पुढच्या सप्तकात सापडतो.

आपण ज्यात सहज गातो ते मध्य सप्तक, त्याखालचं मंद्र आणि वरचं तार. भातखंडे पद्धतीच्या लिपीत मंद्र स्वराखाली टिंब असतं आणि तार स्वरावर, म्हणून वरचा सा ‘सां’ असा लिहितात. वहीत टिंब विसरलं तर वाचणारा एक सप्तक चुकतो.

वर्गात हमखास घडणारी एक गोष्ट सांगते. सर सा लावतात आणि मुली तो एक सप्तक वर लावतात. त्या बरोबरच असतात, स्वर तोच आहे. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा कालपर्यंत मुलींबरोबर गाणारा मुलगा आपोआप खालच्या सप्तकात उतरतो आणि ‘मी बेसूर झालो’ असं समजून गप्प बसतो. त्याला पेटीवर दोन्ही सा एकत्र वाजवून दाखवा.

टेम्पो, म्हणजे लय

आता केरवा घ्या. त्याच्या मात्रा आठ आणि आपल्या सरगमीचे स्वरही आठ. पहिल्या मात्रेला टाळी द्या, ती सम. पाचव्या मात्रेला तळवा उघडून बाजूला न्या, ती खाली. बाकीच्या मात्रा मांडीवर बोटाने मोजा.

मेट्रोनोम ६० वर ठेवा, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. प्रत्येक मात्रेवर एक स्वर म्हटला की आरोह आठ सेकंदांत होतो. उतरताना सां नि ध प, म ग रे सा, त्याचे आणखी आठ. एकूण सोळा सेकंद. मग मेट्रोनोम १२० वर नेऊन हेच म्हणा. आठ सेकंदांत सगळं संपलं आणि टाळ्याही दुप्पट वेगाने पडल्या. मात्रांचा हा वेग म्हणजे टेम्पो. आपण त्याला विलंबित, मध्य आणि द्रुत लय म्हणतो.

यानंतरची पायरी सावकाश करा, कारण गोंधळ इथेच होतो. मेट्रोनोम परत ६० वर आणा. हात संथच ठेवा, पण एका मात्रेत दोन स्वर म्हणा: सारे, गम, पध, निसां. आरोह चार मात्रांत संपला, खालीवर अवरोह सुरू झाला आणि एका आवर्तनात सगळी सरगम बसली. याही वेळी आठच सेकंद लागले. ऐकणाऱ्याला वाटेल की लय वाढली, पण वाढलेली नाही. टाळीचा वेग तोच आहे, ही दुगुन आहे. ओळखायचं असेल तर गळ्याकडे लक्ष न देता हाताकडे पाहा. हात वेगाने पडू लागला तर टेम्पो बदलला आणि हात तसाच राहिला तर दुगुन झाली.

दुगुन म्हणताना हातही पळायला लागतो, हा सगळ्यांचाच अनुभव. मेट्रोनोमचा आवाज बंद करून फक्त दिवा चालू ठेवा, डोळे मिटून चार आवर्तनं म्हणा आणि मग डोळे उघडा. टाळी दिव्याच्या पुढे गेली असेल तर लय वाढली आहे.

शेवटी रिदम

मात्रा एकसारख्या पडत राहिल्या तर ती नुसती लय झाली. त्यांचे गट पडले, कुठे वजन आलं, कुठे मोकळी जागा आली की रिदम तयार होतो. केरव्यात चार-चारचे गट असतात. ६० ची लय तशीच ठेवून दादरा धरा: धा धी ना, धा ती ना. मात्रा सहा, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. सरगमही तीन-तीन स्वरांत म्हणा:

सारेग रेगम
गमप मपध
पधनि धनिसां

एका मात्रेला एकच स्वर. तीन आवर्तनांत सां येतो. सम पडते सा, ग आणि प वर, खाली येते रे, म आणि ध वर. त्या स्वरांना किंचित वजन द्या, म्हणजे झुलता दादरा ऐकू येईल. लय आणि पट्टी दोन्ही मघाचीच आहेत, बदलली ती फक्त गटांची मांडणी. टाळी भलत्याच स्वरावर पडली तर मध्येच सावरू नका, थांबा आणि पुन्हा समेपासून सुरू करा. चढणं जमलं की पुढच्या समेवर सांनिध निधप ने उतरायला लागा. शेवटचा गट गरेसा आहे, त्यातला सा सहाव्या मात्रेवर यायला हवा.